दगडी गुरुत्व धरणाची स्थिरता (समलंब छेद)

नुसत्या स्वतःच्या वजनावर पाणी अडवून धरणारं धरण म्हणजे गुरुत्व धरण. दगडी बांधकामात त्याचा छेद साधारण समलंब चौकोनाचा असतो, म्हणजे पाण्याकडची बाजू उभी, माथा अरुंद आणि मागची बाजू उतरती. तळाच्या पाण्याकडच्या टोकाला हील म्हणतात, मागच्या टोकाला टो. हिशेब नेहमी धरणाच्या एक मीटर लांबीच्या तुकड्याचा करतात. तपासायच्या गोष्टी तीन: धरण टोभोवती उलथतं का, पायावरून सरकतं का, आणि हील आणि टो इथे पायावर दाब किती येतो. पुस्तकांत उलथण्याचा हिशेब पहिला दिलेला असतो, पण खरं तर छेद ठरवतात त्या बाकीच्या दोन गोष्टी, कारण धरण अख्खं उलथायच्या कितीतरी आधी हीलपाशी सांधा उघडतो किंवा धरण सरकायला लागतं.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक छेद घेऊ. उंची २० मीटर, माथा ३ मीटर, तळ १४ मीटर, पाणी माथ्यापर्यंत, दगडी बांधकाम घनमीटरला २.३ टन, मागच्या बाजूला पाणी नाही. वजनाचे दोन भाग करायचे: उभा आयत १३८ टन, त्याचं केंद्र हीलपासून १.५ मीटरवर, आणि मागचा त्रिकोण २५३ टन, त्याचं केंद्र ६.६७ मीटरवर, मिळून ३९१ टन. पाण्याचा आडवा दाब २०० टन आणि तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे ६.६७ मीटरवर लागतो. हीलभोवती घूर्ण घेतले की एकूण बल हीलपासून ८.२५ मीटरवर तळाला छेदतं, म्हणजे तळाच्या मध्यापासून १.२५ मीटर टोकडे, यालाच उत्केंद्रता e म्हणायचं. मग सूत्र सरळ आहे:

p = (V/b)(1 ± 6e/b)

यात p म्हणजे पायावरचा दाब, अधिक चिन्ह टोसाठी आणि उणे हीलसाठी, V म्हणजे उभं बल आणि b म्हणजे तळाची रुंदी. टोपाशी चौरस मीटरला ४२.९ टन, हीलपाशी १२.९ टन. दोन्ही दाब धन, म्हणजे ताण कुठेच नाही. उलथण्याविरुद्ध सुरक्षा गुणक २.६९ आणि घर्षणांक ०.७ धरला तर सरकण्याविरुद्ध १.३७. तलाव रिकामा असताना उलटं होतं, नुसतं वजन हीलकडे झुकतं आणि हीलचा दाब ५३.७ तर टोचा फक्त २.१ टन, तोही धनच. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच इंजिनिअरांनी हा छेद बिनदिक्कत पास केला असता.

यात राहिलेली गोष्ट म्हणजे अपलिफ्ट, पायाखाली शिरलेल्या पाण्याचा वरच्या दिशेचा दाब. हीलपाशी पूर्ण २० मीटरचा आणि टोपाशी शून्य असा त्रिकोणी धरला तर तो १४० टन होतो आणि तळावर उरतं २५१ टन. मग टोचा दाब होता तेवढाच, ४२.९, राहतो, पण हीलपाशी १२.९ मधून २० वजा होऊन उणे ७.१ टन, म्हणजे सरळ ताण, आणि सरकण्याविरुद्धचा गुणक ०.८८, म्हणजे नुसत्या घर्षणावर धरण जागेवर राहणार नाही. आणि उलथण्याचा गुणक? तो अजून १.३६ आहे, एकाच्या वर! म्हणून उलथण्याचा आकडा बघून निश्चिंत व्हायचं नाही. शिवाय दगडी सांधा ताण घेत नाही, तो उघडतो, उघडला की त्यात पूर्ण दाबाने पाणी शिरतं, अपलिफ्ट वाढतो, बल आणखी टोकडे सरकतं आणि भेग आत आत जाते.

ताण येऊ नये म्हणून एकूण बल तळाच्या मधल्या एक तृतीयांश भागात राहिलं पाहिजे, म्हणजे e ही b/6 पेक्षा जास्त नको. या नियमाचा उगम कुणाचा यावर एकमत नाही. फ्रेंच इंजिनिअर साझिली याने १८५३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत फक्त दाबावर मर्यादा होती, तलाव भरलेला आणि रिकामा दोन्ही अवस्थांत, आणि त्याच धाग्यावर पुढे फ्रान्समधलं फ्युरांचं उंच धरण १८६६ साली झालं. बहुतेक पुस्तकं ताणाच्या अटीचं श्रेय स्कॉटिश इंजिनिअर रँकिनला देतात. त्याचा १८७२ चा अहवाल मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या धरणांच्या संदर्भात, तिथल्या नगरपालिकेचे इंजिनिअर कॅप्टन टुलॉक यांच्या विचारणेवरून लिहिला गेला होता, ही आपल्याकडे फारशी सांगितली न जाणारी गोष्ट. पण आयताकृती तळावर दाब कसा वाटला जातो आणि बल मधल्या भागाबाहेर गेलं की काय होतं, हे गणित फ्रान्समध्ये त्याच्या आधी काही दशकं चालत होतं, त्यामुळे रँकिनने नियम शोधला म्हणण्यापेक्षा तो धरणांना स्पष्ट अट म्हणून लावला, असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं. टोकडचा दाब उतरत्या पृष्ठाच्या दिशेने वाढलेला असतो, तेव्हा तिथे उभ्या दाबाची मर्यादा कमी ठेवावी, हेही त्याने सांगितलं. आपल्या छेदात ४२.९ चा पृष्ठालगतचा मुख्य दाब ५६ टनांच्या आसपास जातो.

अपलिफ्ट मात्र रँकिनच्या हिशेबात नव्हता, आणि त्याची किंमत फ्रान्समध्ये एपिनालजवळच्या बुझी धरणाने दिली. १८८४ मध्ये त्याचा सुमारे १३५ मीटरचा भाग वाळूच्या दगडाच्या पायावरून पुढे सरकला, नंतर दुरुस्ती झाली, पण २७ एप्रिल १८९५ ला वरचा भाग माथ्याखाली साधारण १० मीटरवर तुटून गेला आणि ८० च्या वर माणसं मेली. त्याच वर्षी फ्रेंच इंजिनिअर मोरिस लेव्हीने अट मांडली: अपलिफ्ट न धरता काढलेला पाण्याकडचा दाब त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबाएवढा तरी हवाच. आपल्या १४ मीटर तळाच्या छेदात तो १२.९ आहे, हवा होता २०, म्हणजे नापास. तळ १६ मीटर केला तर हीलपाशी २१.८ येतो, टोपाशी ३२.९, आणि अट पुरी होते.

पण सरकणं तिथेही अडतंच: ४३७ टन वजनातून १६० टन अपलिफ्ट गेला की घर्षण १९४ टन, समोर २०० टन. म्हणून दगडी बांधकाम आणि खडक यांच्यामधली चिकटण धरावी लागते. भारतीय मानक IS 6512 मध्ये नेहमीच्या भारासाठी घर्षणाला १.५ ने आणि चिकटणीला ३.६ ने भागतात. त्या हिशेबाने या १६ मीटर तळाच्या छेदाला चौरस मीटरला सुमारे १६ टन चिकटण लागते. पाया नीट साफ करून, धुऊन, खडबडीत ठेवून मगच पहिला थर घालतात तो यासाठीच. चिकटण वाया गेली की घर्षण एकट्याला पुरत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे अपलिफ्टच कमी करणं. हीलजवळ ग्राउटचा पडदा, त्याच्या मागे गॅलरीत ड्रेनची भोकं. ड्रेन चालू असतील तर तिथला दाब एक तृतीयांशावर आलेला धरतात, पण ते चालू असतील तरच. जुन्या चुन्याच्या धरणांत पाण्याबरोबर चुना विरघळून येतो आणि ड्रेनच्या तोंडाशी पांढरा थर जमतो. झिरपा कमी झाला म्हणून बरं वाटायला नको, शेजारच्या दाबमापकाचा आकडा वर जात असेल तर ड्रेन बुजलेलं आहे आणि ते पुन्हा ड्रिल करायला हवं. महाराष्ट्रात भंडारदऱ्याच्या धरणाला, १९२६ साली पुरं झालेल्या, सुमारे ८२ मीटर उंच, १९६९ मध्ये मागच्या बाजूला भेगा आणि जोराची गळती दिसली आणि नंतर मागून पुस्ते बांधून ते मजबूत केलं गेलं. पुस्त्यांमुळे वजनही वाढतं आणि टो आणखी मागे जातो.