चक्का

दही फडक्यात बांधून टांगले असता पाणी निथळून मागे राहणारा घट्ट गोळा म्हणजे चक्का. हिंदीत ‘चक्का दही’ म्हणजे नुसते घट्ट लागलेले दही. मराठीत मात्र निथळण्याची क्रिया अर्थातच अंतर्भूत आहे.

चक्क्याचा इतिहास बहुधा श्रीखंडाच्या अनुषंगानेच तपासला जातो. संस्कृत ग्रंथांत दही व साखर यांच्या पदार्थाला शिखरिणी किंवा रसाला म्हटले असून, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (सुमारे ११३०) शिखरिणीचा उल्लेख येतो. ‘श्रीखंड’ हा शब्द ‘क्षीर’ आणि ‘खंड’ (साखर) यांपासून झाला असे काही मानतात, तर काही तो शिखरिणीशी जोडतात. गुजरातीतील ‘शिखंड’ हे रूप दुसऱ्या मताला अधिक जवळचे वाटते. संस्कृतात ‘श्रीखंड’ म्हणजे चंदन, त्यामुळे शब्द जुना सापडला तरी पदार्थ तोच असेल असे नव्हे.

टांगल्याने प्रथिने वाढत नाहीत, पाणी कमी होते. एक किलो दह्यात सुमारे ३३ ग्रॅम प्रथिने धरली आणि निथळून ४०० ग्रॅम चक्का उरला, तर पाण्याबरोबर चार-पाच ग्रॅम जाऊन चक्क्यात २८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शेकडा सात, राहतात. स्निग्धांश मात्र जवळजवळ सगळाच मागे राहत असल्याने म्हशीच्या सायीसकट दुधाचा चक्का प्रथिनांपेक्षा स्निग्धांशानेच अधिक संपन्न ठरतो. प्रथिनांसाठी साय काढलेले दूध घ्यावे. दूध नीट उकळून काही मिनिटे मंद आचेवर ठेवल्यास एरवी पाण्यात जाणारी प्रथिने केसीन या दुधातील मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि दही घट्ट लागते.

दही पूर्ण लागल्यावरच, न ढवळता, ओल्या पातळ सुती फडक्यात घ्यावे. निथळणारे पाणी पिवळसर-हिरवट आणि निवळ असावे. ते दुधासारखे पांढरे आले तर दही कच्चे आहे किंवा कापड विरळ आहे. सहा ते आठ तासांत गोळा कापडापासून स्वच्छ सुटू लागतो. उन्हाळ्यात बाहेर टांगल्यास तेवढ्या वेळात आंबटपणा चढतो, म्हणून फडके चाळणीत घालून खाली पातेले ठेवावे व सर्व फ्रिजमध्ये ठेवावे. तेथे रात्रभर लागते.

श्रीखंडासाठी चक्का साखर घालून पुरणयंत्रातून काढतात. रोजच्या स्वयंपाकात तो काकडीच्या कोशिंबिरीत उपयोगी पडतो, कारण काकडीला सुटलेले पाणी तो सामावून घेतो. तरीही मीठ वाढताना घालणेच बरे. भाजीच्या रश्श्यात घालायचा असल्यास चमचाभर बेसन मिसळून, आच मंद करून घालावा, अन्यथा फुटून कण दिसतात. निथळलेल्या आंबट पाण्यात कणीक भिजवतात.