अ‍ॅप्टिट्यूडचं घड्याळ वेगळं, स्पोकन इंग्लिशचं वेगळं

कॅम्पस प्लेसमेंटचा सीझन आला की एकच सल्ला फिरतो: 'टेस्ट ऑनलाइन आहे, नेट फास्ट ठेव, बाकी काही नाही.' अ‍ॅप्टिट्यूडपुरता तो चालून जातो. इंग्रजी बोलण्याच्या टेस्टला तोच लावला की पोरं गोत्यात येतात.

अ‍ॅप्टिट्यूडचं तुम्हाला ठाऊकच आहे: सेक्शनला ठरावीक वेळ आणि कॅमेरा चालू. प्रश्न पुटपुटत वाचू नका, ओठ हलताना दिसले तर शंका येते. नेट गेलं तर पुन्हा लॉगिन करायचं. सेव्ह झालेली उत्तरं सहसा जागेवर असतात. मधल्या काळात घड्याळ थांबतं की नाही, हे सूचनांच्या पानावर आधीच वाचून ठेवा.

बोलण्याच्या टेस्टमध्ये मात्र घड्याळ प्रत्येक प्रश्नाचं असतं. व्हर्संटचंच घ्या. वाक्य एकदाच ऐकू येतं, लगेच तुम्ही बोलायचं, की पुढचं वाक्य हजर. 'मिस्ड', 'माय सिस्टर', 'द ट्रेन' असे तुकडे कानावर पडतात आणि 'माय सिस्टर मिस्ड द ट्रेन' असं जोडून म्हणायचं असतं. तेवढ्यात आवाज तुटला तर 'रिपीट प्लीज' म्हणायची सोय नाही. 'बघू नंतर' म्हणून मागे जाताही येत नाही. विचार करत गप्प बसलात तर सिस्टीम पुढे सरकते, आणि बीपच्या आधीच घाई केलीत तर पहिला शब्द कापला जातो. म्हणून अडलं तर ते वाक्य तिथंच सोडा. हळहळत बसलात तर पुढचंही ऐकायचं राहतं.

इथं नेटइतकाच माइक महत्त्वाचा, आणि ब्लूटूथ इअरबड्सवर माझा मुळीच विश्वास नाही. माइक सुरू झाला की त्यातले बरेचसे फोन कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाज दबका, चपटा होतो. कधी कधी तर कानात इअरबड्स असतात आणि रेकॉर्डिंग मात्र लॅपटॉपचा माइक करत असतो, तेही पंख्यासकट. वायरवाला साधा हेडसेट घ्या आणि त्याचा माइक तोंडासमोर न धरता ओठांच्या कडेला ठेवा, नाहीतर 'प' आणि 'फ' म्हणताना फुंकरच रेकॉर्ड होते.

माइक चेकला हिरवी टिक आली म्हणून खूश होऊ नका. आवाज पोचतोय एवढंच ती सांगते. शब्द कळतायत का, ते नाही. टेस्ट जिथं देणार तिथंच, त्याच वेळी, तोच पंखा चालू ठेवून अर्धा मिनिट बोला आणि रेकॉर्डिंग ऐका. शेजारच्या कुकरची शिट्टी तुमच्या शब्दांवर चढत असेल तर खोली बदला.

तरीही मध्येच बंद पडलं तर विंडो बंद करण्याआधी एरर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. प्रॉक्टरिंगमुळे तोही अडवला गेला तर एररचा मजकूर आणि वेळ कागदावर लिहून काढा. मग टेस्टच्या सपोर्टला आणि प्लेसमेंट सेलला त्याच दिवशी मेल करा. मेलमध्ये 'नेट प्रॉब्लेम होता' एवढंच नको, कुठल्या भागात, कितव्या प्रश्नाला अडलं तेही लिहा.