धाव-घड्याळाचे अंतर व मार्गाचे अंतर

धाव-घड्याळाचे अंतर व मार्गाचे अंतर : मनगटी घड्याळाने उपग्रहांच्या संदेशांवरून काढलेली धावेची लांबी आणि त्याच मार्गाची रस्त्यावर मोजलेली किंवा नकाशावर आखलेली लांबी यांतील फरक. शर्यतीत घड्याळाचा आकडा बहुधा मोठा येतो. बागेतल्या वळणदार वाटांवर तो लहानही येऊ शकतो. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे वडोदऱ्यातील रस्त्यांची आहेत. शहर जवळजवळ सपाट असल्याने चढ-उतारामुळे पडणारा फरक येथे विचारात घेण्याजोगा नाही.

मार्गाची प्रमाणित मोजणी सायकलने होते. इंग्लंडमध्ये जॉन ज्युएल यांनी १९६१ मध्ये या पद्धतीची बैठक घातली व अमेरिकेत टेड कॉर्बिट यांनी १९६४ च्या सुमारास तिचा पुरस्कार केला. आज ज्याला जोन्स काउंटर म्हणतात, ते पुढच्या चाकाच्या आसाशी बसणारे दातेरी गणकयंत्र अॅलन जोन्स यांनी १९७१ च्या सुमारास तयार केले. ते एका किलोमीटरला साधारण ११ हजार आकडे मोजते, म्हणजे एक आकडा जेमतेम ९ सेंटिमीटरांचा. पोलादी फितीने मोजलेल्या किमान ३०० मीटरांच्या सरळ पट्ट्यावर सायकल मोजणीआधी चार वेळा व नंतर चार वेळा चालवतात. ऊन चढले की टायर फुगते, चाकाचा परीघ वाढतो आणि तेवढेच अंतर कमी आकड्यांत भरते. नंतरच्या चार फेऱ्या त्यासाठीच असतात.

सायकलस्वार धावपटूला कायदेशीरपणे घेता येईल तो सर्वांत छोटा मार्ग धरतो. वळणावर तो कडेच्या दगडापासून ३० सेंटिमीटर राहतो आणि डाव्या वळणाकडून उजव्या वळणाकडे जाताना रस्ता तिरका कापतो. मार्ग आखूड भरू नये म्हणून या मापात हजारी एक, म्हणजे किलोमीटरमागे एक मीटर, मुद्दाम मिळवला जातो. १९८१ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन फेरमोजणीत सुमारे १५० मीटर कमी भरली होती. ही वाढ साधारण त्याच काळात रूढ झाली. अर्धमॅरेथॉनचे नाव २१.०९७५ किलोमीटरचे असले, तरी अशा मार्गावर प्रत्यक्ष आखणी सुमारे २१.११९ ची असते. म्हणजे घड्याळ निर्दोष असले आणि धावपटू अचूक रेषेवर पळाला, तरी २१ मीटर जास्तच दिसायला हवेत.

रेषा मात्र कोणी पाळत नाही. एक बंद फेरी सर्वांत छोट्या रेषेच्या सतत d मीटर बाहेरून मारली, तर फेरीचा आकार कसाही असो, वाढ 2πd इतकी होते. एक मीटर बाहेर राहिल्यास ती ६.२८ मीटर भरते. फेरी १ किलोमीटरची असली काय किंवा १० ची, वाढ तेवढीच. त्यामुळे लहान फेऱ्या अनेकदा मारल्या की फरक साचतो. गर्दीत पाणी घ्यायला रस्त्याच्या एका कडेहून दुसरीकडे जाणे हाही यातलाच प्रकार.

घड्याळाच्या चुकीबद्दल दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे घड्याळाने नोंदलेल्या बिंदूंच्या विखुरण्याने अंतर नेहमी वाढते : सरळ रेषेतला बिंदू आजूबाजूला सरकला की त्याला जोडणाऱ्या रेषा लांबतातच. दुसऱ्या मताप्रमाणे घड्याळ वळणे छाटते म्हणून अंतर घटते. पीटर रानाखर व सहकारी संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवल्याप्रमाणे वाढ होते हे खरे, पण लागोपाठच्या बिंदूंच्या चुका एकमेकींसारख्या असतील तर ती पुष्कळ कमी होते. या सेकंदाला तीन मीटर डावीकडे दिसलेला धावपटू पुढच्या सेकंदालाही साधारण तितकाच डावीकडे दिसतो आणि मधले अंतर बरोबर येते. हे स्पष्टीकरण अनुभवाशी अधिक जुळते. मोकळ्या रस्त्यावर घड्याळ फारसे चुकत नाही, चूक एकाएकी बदलते तेथे चुकते. छाटणीचे कारण नोंदीच्या वारंवारतेत आहे. `Every Second` ऐवजी `Smart` नोंद ठेवली, तर दोन बिंदूंमध्ये अनेक सेकंद जातात, आणि कमाटीबागेतल्या वाटेचा बाक सरळ जीवा बनून राहतो.

वडोदऱ्यात चूक एकाएकी बदलण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्यात, आकाश झाकले जाते. आत घड्याळ हाताच्या हालचालीवरून अंदाज करते आणि बाहेर पडताच बिंदू उडी मारून जागेवर येतो. मांडवीच्या परिसरातील पोळींत, म्हणजे दाट घरांच्या अरुंद गल्ल्यांत, संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो आणि रेषा समोरच्या घरांतून गेलेली दिसते. दोन वारंवारतांवर (१५७५.४२ व ११७६.४५ मेगाहर्ट्झ) ऐकणारी घड्याळे अशा ठिकाणी कमी चुकतात, पण चुकतात.

नकाशावरचे अंतरही निरपवाद मानता येत नाही. आखणी रस्त्याच्या मध्यरेषेला चिकटते. शिवाय काही साधने पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरतात. वडोदऱ्याच्या २२.३ अंश अक्षांशावर अशा गणिताने दक्षिणोत्तर अंतर किलोमीटरमागे सुमारे ४ मीटर जास्त आणि पूर्व-पश्चिम अंतर दीड मीटरच्या आसपास कमी येते. बंद फेरीत हे दोन्ही मिसळून मधला आकडा येतो. विश्वामित्रीच्या काठाने उत्तरेकडे एकेरी आखणी केली, तर मात्र पूर्ण फरक उतरतो.

तुलना शेवटच्या आकड्यावरून करू नये. `Auto Lap` बंद ठेवावे व प्रत्येक किलोमीटरच्या पाटीपाशी लॅपची कळ स्वतः दाबावी. एक नमुना-आकडेवारी घेऊ : अर्धमॅरेथॉनमध्ये घड्याळाने २१.३८ दाखवले, म्हणजे २८२.५ मीटर जास्त. लॅप पाहता १८ किलोमीटर सरासरी १.००६ चे निघाले, एकूण १०८ मीटर वाढ. पहिला १.०२४ चा आहे, कारण कळ आरंभरेषेच्या १८ मीटर आधी दाबली गेली. गरनाळ्याचा १.०६ व मांडवीचा १.०९ यांत १५० मीटर गेले. शेवटच्या ९७.५ मीटरांच्या तुकड्यात अर्धा मीटर. निम्म्याहून अधिक फरक दोनच किलोमीटरांत आहे आणि तो संदेशाचा आहे. उरलेल्या किलोमीटरांतील सहा मीटरांपैकी एक मार्गातल्या वाढीचा, बाकीचे रेषेचे व बारीक थरथरीचे.

लागून असलेल्या दोन लॅपांत एक ०.९६ व दुसरा १.०५ आला, तर बहुधा मधली पाटी चुकीच्या जागी उभी असते. दोन्हींची बेरीज २.०१ येते, म्हणजे घड्याळाकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. सगळ्यांच्या घड्याळांत थोडे जास्त आले म्हणून मार्ग लांब होता असेही सिद्ध होत नाही, कारण रेषेची चूक सर्वांची एकाच दिशेची असते. बहुतेक घड्याळे मोकळ्या रस्त्यावर जाहीर अंतरापेक्षा कमी दाखवू लागली, तर मात्र मार्ग आखूड असल्याचा संशय रास्त ठरतो.

वेगाच्या नियोजनात हा फरक सेकंदांत उतरतो. दोन तासांत अर्धमॅरेथॉन म्हणजे प्रत्यक्षात किलोमीटरमागे ५:४१. वरील घड्याळ त्याच धावेची सरासरी ५:३७ दाखवील. मोकळ्या मार्गावरची १.००६ ही सवय लक्षात घेतली, तर घड्याळावर ५:३९ राखावे लागते. पोळींतून जाताना पडद्यावरचा क्षणिक वेग न पाहता पाटी ते पाटी वेळच पाहावी.