आठ पाखरं, तीन राती

पत्रकातलं वाक्य एवढंच होतं: ‘कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री प्रति सापळा सरासरी 8 किंवा अधिक पतंग आढळल्यास फवारणी करावी.’ कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी केंद्रीय कापूस संशोधन संस्था, नागपूर हाच आकडा सांगते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात बचत गटाच्या बायांना ते वाचून दाखवलं, तर कुणाच्या डोक्यात शिरेना. म्हणून मी ते वऱ्हाडीत सोपं केलं: ‘सापळ्यात तीन राती आठ पाखरं सापडले का फवारा मारा.’

वाचायला छान वाटत होतं. 8 होते, 3 होते, सापळा होता. मूळ वाक्याशेजारी ठेवून मी दोनदा ताडून पाहिलं, चूक दिसली नाही. दिसणारही नव्हती, कारण मूळ अर्थ माझ्या डोक्यात आधीच पक्का बसलेला. माझ्या वाक्यात जे नव्हतं तेही मला त्यात दिसत होतं.

यावर एक जुना उपाय आहे. सोपं केलेलं वाक्य मूळ वाक्य न पाहिलेल्या माणसाकडे द्यायचं, त्याच्याकडून ते पुन्हा मूळच्या भाषेत लिहून घ्यायचं, आणि मग दोन्ही समोरासमोर ठेवायची. रिचर्ड ब्रिस्लिन या मानसशास्त्रज्ञाने 1970 साली या उलट भाषांतराची पद्धत तपासून मांडली. त्याच्यासमोर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेलेल्या प्रश्नावल्या होत्या. वऱ्हाडी आणि पत्रकाची मराठी यांच्यातही ती तितकीच चालते.

गावात शिवणकाम करणाऱ्या एका ताईला मी माझं वाक्य दिलं. त्यांच्या घरी वावर नाही, पण लिहिणं स्वच्छ. त्यांनी प्रमाण मराठीत लिहून दिलं: ‘तीन रात्रींत मिळून आठ पतंग सापळ्यात पडल्यास फवारणी करावी.’

‘मिळून’ हा शब्द माझ्या वाक्यात नव्हता, पण माझ्या वाक्यातून तो सहज निघत होता. मुळात एका सापळ्यात रोज रात्री 8, म्हणजे तीन रात्रींत 24 पतंग हवेत. माझ्या वाक्यानुसार रात्रीला तीनपेक्षाही कमी पतंगांवर फवारणी सुरू झाली असती. आकडे तेच राहिले आणि मर्यादा एक तृतीयांशावर आली. शिवाय दोन-तीन सापळे असले तर सगळ्यांचे पतंग एकत्र मोजायचे की प्रत्येकाचे वेगळे, हेही गळून गेलं होतं. खर्च वाया, औषध वाया, आणि पाठीवर पंप घेऊन विनाकारण फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर विष.

दोन वाक्यं ताडताना शब्दाला शब्द जुळवायचा नाही. ‘पाखरं’चे ‘पतंग’ होऊन परत आले, त्यात काही बिघडलं नाही. किती, कशात, कधी आणि कोणत्या अटीवर, एवढं दोन्हीकडे तेच निघतं का ते पाहायचं.

उलट लिहिणारा माणूस कोण, यावर सगळं अवलंबून असतं, हे मी चुकून शिकले. ताईंच्या आधी हेच वाक्य मी कृषी पदवी घेतलेल्या एका भाच्याला दिलं होतं. त्याने लिहिलं, ‘सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग.’ अगदी बिनचूक! ते त्याने माझ्या वाक्यातून काढलंच नव्हतं. विषय माहीत असल्याने भोक आपसूक बुजवलं. ब्रिस्लिनने हा धोका स्पष्ट सांगितला होता: हुशार माणूस फाटकं भाषांतरही शिवून परत देतो. दुसरा धोका त्याने असा सांगितला, की मूळच्या भाषेचीच ठेवण तशीच ठेवली तर परतीचं वाक्य हुबेहूब मुळासारखं येतं, पण मधलं वाक्य ऐकणाऱ्याला कळत नाही. ‘कामगंध सापळा’ तसाच ठेवला असता तर तो तसाच परत आला असता. पण आमच्याकडच्या बायांना ‘मादीच्या वासानं नर पाखरू ओढून घेनारा सापळा’ असं सांगितल्यावरच तो कळला.

म्हणून दुरुस्त वाक्य ताईंकडून नीट परत आल्यावरही थांबले नाही. वाक्य झालं होतं: ‘एकेका सापळ्यात एका राती आठ किंवा जास्त पाखरं, असं लागोपाठ तीन राती झालं, का मंग फवारा मारा. सापळे जास्त असन तर सगळ्यायची पाखरं मोजून सापळ्यायच्या संख्येनं भागा.’ मग गटात विचारलं, ‘एका सापळ्यात पहिल्या राती 3, दुसऱ्या राती 3, तिसऱ्या राती 2. फवाराल का?’ सगळ्या ‘नाही’ म्हणाल्या.

मागं बसलेल्या आजीनं मात्र विचारलं, “अन् 9, 7, 9 भरले तं वो बाई?”

मी मूळ पत्रक उघडलं. ‘सरासरी’ तीन रात्रींची की सापळ्यांची, हे तिथेच धड लिहिलेलं नव्हतं. कृषी सहायकांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, सरासरी सापळ्यांची. रात्र सुटली की मोजणी नव्याने. वऱ्हाडी पत्रकात मग आणखी एक ओळ आली: ‘मधात एका राती पाखरं आठाच्या खाली गेले, तं पुन्हा पहिल्या रातीपासून मोजा.’