मिक्सरची वॉरंटी: कशाचा खर्च आमचा, कशाचा तुमचा आणि का

खोक्यातून मिक्सर काढला की हा कागद बहुतेक घरांत फडताळाच्या तळाला जातो. तिथेच ठेवा, पण एकदा वाचून ठेवा. सोबत बिलही ठेवा.

आम्ही कुपवाडच्या एमआयडीसीत मिक्सर जोडतो. ‘जोडतो’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. मोटर, स्विच, भांडी, पाती हे सगळं वेगवेगळ्या ठिकाणांहून येतं. आम्ही ते जुळवतो, तपासतो आणि आमच्या नावाने विकतो. म्हणून बिघाड कुणाच्याही भागात निघाला तरी तुमच्यापुरता जबाबदार आम्हीच. मोटरवाल्याशी भांडायचं ते आमचं आम्ही बघू.

दुकानात हमखास विचारलं जातं, “गॅरंटी आहे ना?” बोलण्यात गॅरंटी म्हणजे बिघडला की नवा मिक्सर. आम्ही देतो ती वॉरंटी, म्हणजे बिघडला तर दुरुस्त करून देऊ. अख्खा मिक्सर १ वर्ष, मोटर २ वर्षं. एका वर्षात तोच बिघाड तिसऱ्यांदा झाला तर मात्र दुरुस्ती नाही, मिक्सर बदलून देतो.

हा कागद पुन्हा का लिहिला

आमचा पहिला वॉरंटी कार्डाचा मजकूर आम्ही दुसरीकडचा बघून लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं, ‘अयोग्य वापरामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येणार नाही.’ अयोग्य वापर म्हणजे काय, हे ना गिऱ्हाइकाला माहीत, ना दुकानदाराला. खरं सांगायचं तर आम्हालाही नीट माहीत नव्हतं.

मग विट्याकडचं एक घर भेटलं. मिक्सर अकरा महिन्यांचा, एप्रिलचे दिवस. चटणीसाठी खोबरं-धणे फिरवताना जळका वास आला आणि मिक्सर बंद पडला. दुकानदाराने झाकणाला लागलेला मसाला बघितला आणि सांगून टाकलं, “जास्त चालवलाय, वॉरंटीत बसत नाही.” त्या काकूंचा मुलगा मिक्सर पिशवीत घालून थेट कारखान्यात आला. म्हणाला, “मग कागद दिला कशाला?”

आम्ही त्याच्यासमोर चार स्क्रू काढून मोटर उघडली. मिक्सरच्या मोटरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, फिरणारं आर्मेचर आणि भोवतीचं स्थिर फिल्ड. दोन्हीतून एकामागोमाग एकच करंट जातो. त्यामुळे मिक्सर जास्त वेळ दाबून चालवला तर दोन्ही तापतात आणि दोन्हींची तार सगळीकडून सारखी काळवंडते. इथे फिल्ड स्वच्छ तांबूस होतं. आर्मेचरवरही एकाच खाचेतली तार कोळसा झाली होती आणि तिच्याजवळची कॉम्युटेटरची पट्टी जळली होती. बाकीची वेटोळी नव्यासारखी. म्हणजे त्या एका जागी तारेवरचा लेप कच्चा राहिला होता किंवा जोड नीट झाला नव्हता. काकूंचा काही दोष नव्हता. आर्मेचर आम्ही बदललं.

तेव्हापासून नियम केला. वॉरंटी नाकारायची असेल तर मोटर तुमच्यासमोर उघडून, जळकी जागा दाखवूनच नाकारायची. येणं जमत नसेल तर फोटो पाठवतो. ‘वॉरंटीत नाही’ हे सांगायचा अधिकार आता दुकानदाराला नाही. आणि बघूनही नक्की ठरवता येत नसेल, तर खर्च आमचा.

भांड्याखालचं काळं पाणी

त्याच मिक्सरचं भांडं उलटं केलं तर खाली काळपट, तेलकट ओल होती. काकूंना ती दोन महिने दिसत होती. त्या फडक्याने पुसायच्या आणि पुढचं वाटण लावायच्या. त्यांच्या मोटरला यामुळे काही झालं नव्हतं, पण अजून थोडे दिवस गेले असते तर झालं असतं.

भांड्याच्या तळाला, पात्याचा दांडा जिथून खाली येतो, तिथे बुश असतो. तो झिजला की वाटणाचं पाणी दांड्यावरून झिरपतं आणि आतलं वंगण घेऊन काळं होऊन खाली येतं. तिथून ते भांडं आणि मोटर जोडणाऱ्या कपलरवर आणि कपलरच्या दांड्यावरून मोटरच्या बेअरिंगमध्ये जातं. बेअरिंग गंजतं, मोटर जड फिरते, तापते आणि एक दिवस जळते. हे ओळखायचं असेल तर भांड्यात अर्धं पाणी घाला आणि ते रिकाम्या ताटलीवर, कागदावर दहा मिनिटं ठेवा. कागद ओला झाला तर बुश गेला.

बुश हा झिजणारा भाग. असे भाग वॉरंटीतून वगळायची सगळीकडे रीत आहे, आम्हीही वगळले होते. मग हिशेब केला. बुश बदलायला मजुरीसकट साठेक रुपये लागतात, मोटर करायला नऊशे. साठ रुपये वाचवायला जाऊन आम्ही नऊशेचा खर्च आणि वर भांडण विकत घेत होतो. म्हणून पहिल्या वर्षात बुश आणि कपलर कितीदाही फुकट. काळं पाणी दिसलं की भांडं दुकानात द्या, मिक्सर आणायची गरज नाही.

काळं पाणी दिसूनही मिक्सर चालवला आणि मोटर गेली, तर पहिल्या वर्षात निम्मा खर्च आमचा, निम्मा तुमचा. बुश आमचा होता, पण ओल दिसत होती ती तुम्हाला. हा नियम काहींना पटत नाही. आम्हाला यापेक्षा सरळ वाटणी सुचली नाही.

मेकॅनिक घरी का येत नाही

समजा, शंभर मिक्सर विकले. वर्षात वीस बुश-कपलरसाठी आले आणि चार मोटरसाठी. वीस गुणिले साठ म्हणजे १,२०० रुपये, चार गुणिले नऊशे म्हणजे ३,६००. चोवीस मिक्सर दुकानातून आणायचे आणि परत पोचवायचे, दर मिक्सरला पन्नास धरले तर आणखी १,२००. एकूण ६,०००. म्हणजे प्रत्येक मिक्सरच्या किमतीत ६० रुपये वॉरंटीसाठी बाजूला ठेवले की भागतं.

आता तेच चोवीस वेळा मेकॅनिक घरी पाठवला तर? कुपवाडहून जतला जाऊन यायचं म्हणजे त्याचा अख्खा दिवस. पेट्रोल आणि हजेरी मिळून फेरीला पाचशे धरा. १२,००० रुपये नुसत्या फेऱ्यांचे. शंभर मिक्सरचा खर्च १६,८०० होतो आणि साठचे १६८ होतात. ते शेवटी शंभरही घरांकडून घ्यावे लागतील, ज्यांचा मिक्सर कधी बिघडला नाही त्यांच्याकडूनही.

म्हणून जिथे घेतला त्या दुकानात मिक्सर द्या. आमचा टेंपो मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्याच्या गावांतून फिरतो. दुकानात दिल्यापासून सात दिवसांत परत मिळायला हवा. आठव्या दिवशी दुकानदाराकडून बदली मिक्सर मागून घ्या. प्रत्येक दुकानात एक ठेवलेला असतो. जुना आहे, रंग उडालाय, पण चालतो.

कशाचा खर्च आमचा नाही

‘अयोग्य वापर’ हा शब्द काढून टाकलाय. त्याजागी आम्हाला प्रत्यक्षात जे दिसतं तेवढंच लिहितो.

वर्षाची चटणी. मिक्सरच्या पाठीमागच्या पट्टीवर लिहिलंय, पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद. घरच्या वाटणाला तेवढं पुरतं. पाच किलो मिरची एका बैठकीत उरकायला बसलं की विश्रांती कोण देतो? अशी चटणी डंकावरच न्या. दोन्ही वेटोळी सारखी काळी निघाली तर मोटर तुमच्या खर्चाने. तरीही पहिल्या वेळी मजुरी घेत नाही, फक्त सामानाचे पैसे.

अख्खं हळकुंड. सांगलीत राहून हळकुंडाचं वेगळं काय सांगायचं? ते दगडासारखं असतं. पातं वाकतं नाही तर अडकतं, आणि पातं अडकून मोटर चालू राहिली की काही सेकंदांत तापते. खलबत्त्यात बारीक फोडून मग टाका.

वाढलेला दाब. न्यूट्रल तुटला की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत वीज येऊ शकते. त्या वेळी एकटा मिक्सर जात नाही, बल्ब, टीव्ही, चार्जरही जातात. आम्ही तेच विचारतो.

आणि पूर. २०१९ ला आणि २०२१ ला पाण्यात बुडालेले मिक्सर आले. ते वॉरंटीत येत नाहीत. पण ज्यांनी ते चालू करून बघितले नव्हते, त्यांतले बरेच धुऊन, वाळवून, बेअरिंग बदलून चालले. ओला मिक्सर ‘चालतो का बघू’ म्हणून प्लगला लावू नका.

मिक्सर एकदम बंद पडला आणि वास नसेल, तर दुकानात न्यायच्या आधी तो उलटा करा. खाली लाल बटण आहे, ते ओव्हरलोडचं. मोटर तापली की ते आपोआप बाहेर येतं. प्लग काढा, भांडं थोडं रिकामं करा, दहा मिनिटांनी बटण दाबा. मिक्सर चालू झाला तर तो बिघाड नाही, त्या बटणाने मोटर वाचवली. रोजच्या साध्या वाटणालाही बटण सारखं बाहेर येत असेल, तर मात्र आणून द्या.

बिल हरवलं तर

वॉरंटी खरेदीच्या दिवसापासून मोजतो. बिलाचा मोबाईलवरचा फोटो किंवा ऑनलाइन पैसे दिल्याची नोंदही चालते. दोन्ही नसेल तर मिक्सरखालच्या नंबरवरून आम्हाला जोडणीचा महिना कळतो. त्यात तीन महिने मिळवून तिथून वॉरंटी धरतो. नंबरची पट्टी खरवडू नका.

वॉरंटी संपल्यावर बुश ८० रुपये, कपलर ४०, कार्बनची जोडी ६०, मजुरी १००. हे दर दुकानात लावलेले आहेत. त्यापेक्षा जास्त मागितले तर आम्हाला कळवा. सुटे भाग विक्रीनंतर ५ वर्षं ठेवतो.

या कागदामुळे तुमचे कायद्याचे हक्क कमी होत नाहीत. आमचं उत्तर पटलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

मिक्सर दुकानात देताना सोबत भांडीही द्या, निदान रोजच्या वापरातलं एक तरी. निम्म्या वेळा दुखणं भांड्यात असतं आणि आमच्याकडे येते नुसती मोटर.