चाकणचे 17,400 आणि दारव्ह्याचे 9,000

“भाऊ, पोराले दारव्ह्यात दुकानावर 9,000 भेटते. चाकणची कंपनी 17,400 देतो म्हणते. मंग तिकडंच जास्त पैसा उरन ना?”

पहिल्या वर्षी बहुधा नाही. कंत्राटदार सांगतो तो आकडा बहुतेक वेळा कंपनीचा एकूण खर्च असतो. त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआयही धरलेला असतो. मूळ पगार 15,000 असेल, तर त्यातून पोराचा पीएफ 1,800, ईएसआय 113 आणि व्यवसाय कर 200 कापून हाती 12,887 पडतात. आता खोलीतला वाटा 2,500, मेस 3,000, गावी येणं-जाणं आणि फुटकळ खर्च 1,500 धरा, उरतात 5,887. दारव्ह्यात घरचंच जेवण, पेट्रोलला 1,500 गेले तरी 7,500 उरतात. खर्चाचे आकडे तुमच्या पोराचे टाकून पाहा.

पीएफ मात्र बुडत नाही. कंपनी बदलली तरी पीएफचा नंबर, म्हणजे यूएएन, तोच ठेवा. नवा काढला की जुने पैसे अडकतात, हे मी फार पोरांच्या बाबतीत पाहिलं.

जाणं फळतं ते हातात कसब येणार असेल तर. आयटीआय फिटरला सीएनसी मशीनवर उभं करणार असतील, तर पोराला जाऊ द्या. नुसतं पॅकिंग असेल, तर तीन वर्षांनीही तो तिथंच राहतो. म्हणून निघण्याआधी कंत्राटदाराला तीनच गोष्टी विचारा: हाती किती, काम कोणत्या मशीनवर, आणि जादा तासांना कायद्याप्रमाणे दुप्पट दर मिळतो का. उत्तर कागदावर मागा.