टोकाच्या दोन खांबांपासून तटस्थ अक्षापर्यंत : शिअर वॉलच्या बाउंड्री एलिमेंटमागचा इतिहास

शिअर वॉल म्हणजे भूकंपाचे आडवे बल पेलणारी काँक्रीटची भिंत. तिच्या दोन्ही टोकांना उभ्या सळ्यांचा गठ्ठा आणि त्याभोवती जवळजवळ बांधलेल्या रिंगा असतात. हे बाउंड्री एलिमेंट आज गृहीतच धरले जाते. ते कुठे लागते आणि त्याने नेमके काय करायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र गेल्या चाळीस वर्षांत पार बदलली. जुने आणि नवे नियम एकाच भिंतीला लावून पाहिले की हा बदल किती मोठा होता ते दिसते.

भिंत साधी घेऊ. लांबी ६ मीटर, जाडी ३०० मिमी, काँक्रीटची ताकद ३० मेगापास्कल, सळई ४२० मेगापास्कलची. तळाशी सुरक्षा-गुणकांसह अक्षीय भार ३,६०० किलोन्यूटन आणि भिंतीला वाकवणारा मोमेंट १४,४०० किलोन्यूटन-मीटर. दोन्ही टोकांचा ६००-६०० मिमी भाग बाउंड्री एलिमेंट म्हणून राखलेला आहे, म्हणजे त्यांच्या मध्यांतले अंतर ५.४ मीटर.

अमेरिकेच्या एसीआय ३१८ संहितेची १९८३ ची आवृत्ती आधी एक सोपी कसोटी लावत असे. भिंत न तडकलेली आणि पूर्ण स्थितिस्थापक आहे असे मानून टोकाचा दाब काढायचा. तो काँक्रीटच्या ताकदीच्या ०.२ पटीहून जास्त निघाला तर बाउंड्री एलिमेंट द्यायचे आणि वर जिथे तो ०.१५ पटीखाली येईल तिथे थांबवायचे. आपल्या भिंतीत अक्षीय भाराचे २ आणि मोमेंटचे ८ मिळून १० मेगापास्कल होतात. मर्यादा ६ ची, म्हणून बाउंड्री एलिमेंट लागणारच. दुसऱ्या टोकाला याच गणिताने ६ मेगापास्कलचा ताण निघतो, म्हणजे ती बाजू केव्हाच तडकलेली असणार. ०.२ हा आकडा खरा दाब सांगत नव्हता, तो फक्त एक खूण होता, आणि संहितेलाही ते ठाऊक होते.

खरी गंमत पुढच्या पायरीत आहे. भिंतीवरचा सगळा गुरुत्वभार आणि उलथवणाऱ्या मोमेंटमुळे येणारे बल, दोन्ही केवळ टोकांच्या दोन खांबांनी पेलायचे आणि मधल्या भागाला वाकण्यात काहीच वाटा द्यायचा नाही, असा नियम होता. हिशेब असा : भाराचा अर्धा भाग १,८०० किलोन्यूटन, अधिक १४,४०० भागिले ५.४ म्हणजे २,६६७. एकूण ४,४६७ किलोन्यूटन. ३०० × ६०० मिमीच्या खांबाने हे त्या काळच्या क्षमता-गुणकांसह पेलायचे तर प्रत्येक टोकाला सुमारे ८,६०० चौ.मिमी पोलाद लागते, म्हणजे ४.८ टक्के. भार थोडा वाढला की टोक जाड करावेच लागे. दोन्ही टोकांना गाठ असलेल्या डंबेलसारख्या भिंतींमागे हे गणित मोठ्या प्रमाणात होते.

आता तीच भिंत अखंड छेद म्हणून पाहा. छेद सपाटच राहतो, काँक्रीटच्या कडेचा स्ट्रेन, म्हणजे लांबीच्या प्रमाणात दबणे, ०.००३, मधल्या भागात किमान म्हणजे ०.२५ टक्के उभ्या सळ्या. नेहमीच्या स्तंभाचीच पद्धत. समतोल जुळवला की तटस्थ अक्ष, म्हणजे दाब संपून ताण सुरू होतो ती रेषा, दाबाच्या कडेपासून सुमारे ८०० मिमीवर येतो. टोकांना एकही जादा सळई न घालता नाममात्र क्षमता १४,५०० किलोन्यूटन-मीटरच्या आसपास निघते, कारण अक्षीय भार स्वतःच मोठा मोमेंट पेलतो आणि मधल्या सळ्याही ताणात कामाला येतात. गरज १४,४०० भागिले क्षमता-गुणक ०.९, म्हणजे १६,००० ची. उरलेल्या दीड हजाराच्या आतल्या मोमेंटसाठी प्रत्येक टोकाला साडेसहाशे चौ.मिमी पोलाद पुरते. कुठे ८,६०० आणि कुठे ६५०!

जास्त पोलाद म्हणजे जास्त सुरक्षितता, असे इथे म्हणता येत नाही. जुन्या नियमाने सळ्या भरलेल्या या भिंतीची वाकण्याची खरी ताकद ३४,००० किलोन्यूटन-मीटरच्या घरात जाते. भूकंपात ती वाकून नमण्याआधी तिच्यात दुपटीहून जास्त कातरबल येऊ शकते, आणि आडव्या सळ्या तर मूळच्या आकड्यावर ठरवलेल्या असतात. वाकणे लवचीक असते, कातरणे ठिसूळ. म्हणजे अधिक पोलाद घालून आपण भिंतीला वाईट मरणाकडे ढकलत होतो. अखंड छेदाचे गणित नवे होते असेही नाही. कार्डेनास आणि मगुरा यांनी आयताकृती भिंतींसाठी अशी पद्धत १९७३ मध्येच मांडली होती. संहितेत मात्र सोय जिंकली होती.

विचार बदलायला १९८५ चा चिलीतला भूकंप मोठा कारणीभूत ठरला. विन्या देल मार शहरातल्या बहुमजली इमारतींत भिंती भरपूर होत्या, पण टोकांना दाट रिंगा फारशा नव्हत्या. तरी बहुतेक इमारती चांगल्या तगल्या. इमारत ताठ, म्हणून तिचे सरकणे कमी, म्हणून भिंतीच्या टोकावरची मागणीही कमी. जॅक मोहले आणि जॉन वॉलेस यांनी नव्वदच्या दशकात यातून विस्थापनावर आधारलेली पद्धत उभी केली आणि ती एसीआयच्या १९९९ च्या आवृत्तीत आली :

c ≥ lw / (600 · δu/hw)

इथे c म्हणजे तटस्थ अक्षाची खोली, lw भिंतीची लांबी, δu अपेक्षित विस्थापन आणि hw उंची. ६०० चा उगमही साधा आहे. सगळे वळण तळाच्या lw/2 उंचीत होते असे माना आणि कडेचा स्ट्रेन ०.००३ ला पोचेल ती c काढा. उत्तर ६६७ येते. ते गोल केले. c याहून जास्त असेल तरच दाट रिंगा. रचनेचे पोलाद आता अखंड छेदावरून ठरते, आणि बाउंड्री एलिमेंटचे काम उरते काँक्रीट जखडून ठेवण्याचे.

आपल्या भिंतीत, गुणकांसह भारावर नाममात्र ताकदीने, c साधारण ८०० मिमी येते. विस्थापनाचे गुणोत्तर ०.०१ घेतले तर मर्यादा १,००० मिमी. म्हणजे १९८३ ला बाउंड्री एलिमेंट अनिवार्य असलेली हीच भिंत १९९९ ला त्यातून सुटते.

भारतातल्या आयएस १३९२० या संहितेने १९९३ मध्ये मधली वाट धरली. काँक्रीटच्या ताकदीच्या, म्हणजे fck च्या, ०.२ पटीची कसोटी तीच ठेवली, पण एकूण मोमेंट Mu मधून मधल्या भिंतीची स्वतःची क्षमता Muv वजा करून उरलेलाच भाग टोकांवर टाकला, त्यांच्या मध्यांतल्या अंतराने Cw ने भागून : (Mu − Muv)/Cw. म्हणजे मधल्या भिंतीला तिचा वाटा मिळाला, तटस्थ अक्षाची कसोटी मात्र आली नाही.

मग २७ फेब्रुवारी २०१० चा ८.८ तीव्रतेचा भूकंप आला, पुन्हा चिलीतच. १९८५ च्या अनुभवावर विसंबून तिथल्या संहितेने टोकांच्या जखडणीतून सूट दिली होती, आणि दरम्यान इमारती उंच व भिंती १५-२० सेंमी इतक्या सडपातळ झाल्या होत्या. अक्षीय भार वाढला की c वाढते, आणि c वाढली की त्याच विस्थापनाला कडेचा स्ट्रेनही वाढतो. अनेक भिंतींची टोके आडव्या पट्ट्यात चिरडली, उभ्या सळ्या बाहेर वाकल्या. पुढच्या वर्षी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या भूकंपात काही भिंती बाजूला कलून दुमडल्या, म्हणजे प्रश्न केवळ रिंगांचा नव्हता, जाडीचाही होता.

एसीआयच्या २०१४ च्या आवृत्तीत त्यामुळे विस्थापन दीडपट धरायचे ठरले. आपल्या भिंतीची मर्यादा १,००० वरून ६६७ मिमीवर उतरते आणि ८०० मिमीची c तिला ओलांडते. तीच भिंत पुन्हा बाउंड्री एलिमेंट मागते. जखडायची लांबी c − ०.१lw म्हणजे २०० आणि c/२ म्हणजे ४००, यांतली मोठी : ४०० मिमी. उंची तळापासून निदान भिंतीच्या लांबीइतकी, ६ मीटर. जाडी मजल्याच्या निरालंब उंचीच्या सोळाव्या भागाहून कमी चालत नाही, आणि c भिंतीच्या लांबीच्या ३/८ वर गेली तर किमान सुमारे ३०० मिमी. त्या ४०० मिमी लांबीत जाणाऱ्या उभ्या सळ्यांची संख्या मात्र १९८३ च्या हिशेबाच्या जवळपासही येत नाही.